फळीपासून श्वानासनापर्यंत : सूर्यनमस्काराच्या मध्यभागातील स्नायुकार्य

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळांनी भाषेबरोबर ज्या काही सवयी जपल्या, त्यांत सकाळच्या सूर्यनमस्कारांची गणना करावी लागेल. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा व्यायाम आपल्या संस्थानातील शाळांमध्ये रुजवला आणि त्यावर पुस्तके लिहिली. पुढे तो मराठी माणसाबरोबर देशभर गेला. त्याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत टी. कृष्णमाचार्य शिकवीत होते. त्यांचे शिष्य पट्टाभी जोईस यांच्यामुळे सूर्यनमस्काराची दुसरी धाटणी जगभर पसरली. आज बहुतेकांच्या मुलांना योगवर्गात भेटते ती हीच. मराठी शाळेत गुडघे, छाती आणि कपाळ टेकवून साष्टांग घातला जातो, मग छाती उचलली जाते. म्हैसुरी धाटणीत गुडघे न टेकता देह जमिनीलगत अधांतरी थांबतो, ते चतुरंग दंडासन. आणि तेथून मांड्या न टेकता छाती वर येते, ते ऊर्ध्वमुख श्वानासन.

आजचा विषय या दोन धाटण्यांतील श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा नाही. देह फळीसारखा ताठ धरण्यापासून छाती वर उचलून हात सरळ होईपर्यंत जेमतेम पाच-सात सेकंद जातात. तेवढ्या वेळात कोणता स्नायू काय करतो, हे पाहावयाचे आहे. सूर्यनमस्काराने खांदा किंवा कंबर दुखू लागल्याची तक्रार बहुधा याच पाच-सात सेकंदांत जन्म घेते, म्हणून हा तुकडा निवडला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट व्हावी. स्नायूचे काम म्हणजे आखडणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात स्नायू तीन प्रकारे राबतो. भरलेली घागर कमरेवर घेऊन उभे राहिले की स्नायू ताणलेला असतो, पण त्याची लांबी बदलत नाही. घागर उचलताना तो आखूड होत जातो. आणि तीच घागर न आपटता हळूच खाली ठेवताना तो लांबत लांबत भार धरून ठेवतो. सूर्यनमस्काराच्या या मध्यभागात तिन्ही प्रकार एकामागून एक येतात : फळीत धरून ठेवणे, उतरताना लांबत जाऊन सोडणे आणि उठताना आखडून उचलणे.

फळी : जिथे काहीच हलत नाही

फळीच्या स्थितीत देह हा दोन खांबांवरचा पूल असतो. एक खांब हातांचा, दुसरा पायाच्या बोटांचा. पुलाला सर्वांत मोठा धोका असतो तो मध्ये वाकण्याचा. गुरुत्वाकर्षण कंबरेला खाली ओढते, आणि तसे झाले तर कण्याच्या खालच्या भागाला पाठीमागून घडी पडते. ही घडी पडू न देण्याचे काम पोटाचे आहे. छातीच्या पिंजऱ्यापासून ओटीपोटापर्यंत उभा जाणारा सरळ स्नायू आणि कुशीतले तिरके स्नायू पुलाच्या खालच्या बाजूने दोरासारखे ताणलेले राहतात. त्यांना मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंची साथ लागते, कारण गुडघाही खाली वाकू पाहत असतो. नितंबाचे स्नायू किंचित आवळले की कटीचे हाड योग्य कोनात राहते आणि पोटाचे काम सोपे होते.

दंडाच्या मागच्या स्नायूला, म्हणजे ट्रायसेप्सला, फळीत फारसे श्रम नसतात. कोपर सरळ असल्यामुळे भार हाडांवरून थेट जमिनीत उतरतो. खरे श्रम पडतात ते खवाट्याला बरगड्यांशी बांधून ठेवणाऱ्या स्नायूला. हा स्नायू वरच्या आठ-नऊ बरगड्यांना करवतीच्या दात्यांसारखा चिकटलेला असतो आणि पाठीमागे खवाट्याच्या आतल्या कडेला जाऊन मिळतो. वैद्यकात त्याला सेरेटस अँटिरिअर म्हणतात. देहाचा पुढचा भाग हातांवर टांगून ठेवणारी झोळी जणू याच स्नायूची असते. तो सैल पडला की छाती दोन खांद्यांच्या मधोमध खाली खचते आणि खवाट्याची आतली कड पाठीवर पंखासारखी उभी राहते. मुलाच्या पाठीवर ही कड उभी दिसली, तर पालकांनी त्याला एवढेच सांगावे : जमीन दोन्ही तळव्यांनी दूर ढकल. ढकलताच कड पाठीत बसते. बसली नाही, तर तो स्नायू अजून दुबळा आहे असे समजावे आणि पुढचे उतरणे गुडघे टेकूनच करू द्यावे.

भार किती, याचा हिशेब

या स्थितीत हातांवर किती वजन येते, याचा अंदाज बहुतेकांना नसतो. हिशेब शाळेतल्या तरफेच्या धड्यावरून करता येतो. एक उदाहरण घेऊ. समजा एखाद्या माजी विद्यार्थिनीची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६० किलो आहे. मानवी देहाचा गुरुत्वमध्य पायांपासून उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे तिच्या बाबतीत ८८ सेंटिमीटरवर येतो. पायांपासून खांद्यापर्यंतचे अंतर सुमारे १३१ सेंटिमीटर. फळीत हात खांद्याखाली असतात. म्हणून हातांवरचा भार ६० गुणिले ८८ भागिले १३१, म्हणजे सुमारे ४० किलो. एकूण वजनाच्या दोन तृतीयांश! प्रत्येक तळव्यावर २० किलो. घरात वजनकाटा असेल त्याने हात त्यावर ठेवून आकडा पाहावा. थोड्याफार फरकाने तो एवढाच येईल.

आता ती चतुरंग दंडासनाकडे उतरू लागते. या धाटणीत उतरताना पायांच्या बोटांवर पुढे सरकावयाचे असते, त्यामुळे खांदे मनगटांच्या पुढे जातात आणि हात खालच्या बरगड्यांजवळ येतात. म्हणजे हातांचा खांब पायांच्या जवळ आला. समजा तो १३ सेंटिमीटरने जवळ आला. आता भागाकार ११८ ने करावा लागेल, आणि हातांवरचा भार होतो जवळपास ४५ किलो. एकूण वजनाच्या तीन चतुर्थांश, प्रत्येक हातावर २२ किलोंहून थोडा अधिक.

गुडघे टेकले तर? मग नडग्यांचे वजन जमिनीवरच राहते आणि पूल आखूड होतो. त्याच स्त्रीच्या हातांवर फळीत ४० किलोंऐवजी सुमारे ३२ किलो येतात. साष्टांग नमस्कारातील गुडघ्यांचा खरा उपयोग हा आहे. दोन पाऊले, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ ही आठ अंगे टेकवण्यामागे भक्तिभाव आहेच; पण भाराच्या दृष्टीने पाहिले तर गुडघे टेकल्याने काम साधारण पाचव्या हिश्शाने हलके होते. शाळेत शंभर मुले एका ताला-सुरात नमस्कार घालतात आणि त्यांतली अनेक अशक्त असतात, तेथे ही सवलत फार मोलाची ठरते.

उतरणे : खरा कस

उतरताना छातीचा मोठा स्नायू, खांद्याच्या पुढचा स्नायू आणि ट्रायसेप्स हे तिघे लांबत लांबत भार सोडतात. लांबत जाणाऱ्या स्नायूचा एक विशेष गुण आहे : जेवढे वजन तो उचलू शकतो, त्याहून अधिक वजन तो खाली उतरवू शकतो. म्हणून ज्याला एकही जोर काढता येत नाही, त्यालाही हळूहळू उतरता येते, आणि अशा उतरण्यानेच पुढे उठण्याची ताकद येते. तालमीतल्या वस्तादांना हे ठाऊक असते. नवशिक्याला ते आधी सावकाश उतरावयास लावतात. या गुणाला एक मोलही द्यावे लागते. सवय नसताना असे काम केले तर त्याच दिवशी काही जाणवत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड आणि छाती ठणकतात. ही इजा नव्हे. तीन-चार दिवसांत ती शमते आणि पुढच्या वेळी कमी होते.

आता थोडे बारकाईने पाहू. चतुरंगात कोपर मनगटाच्या बरोबर वर असावे, असे शिकवले जाते. तसे असले की जमिनीचा जोर हातातून सरळ वर, कोपरातून जातो. पण खांदा त्या रेषेवर नसतो. तो दंडाच्या लांबीइतका, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर, पुढे असतो. दंड आडवा, आणि त्याच्या कोपराकडच्या टोकाला खालून २२ किलोंचा रेटा. पाण्याने भरलेली मोठी बादली आडव्या धरलेल्या दंडाच्या टोकाला अडकवावी, तेवढा हा ताण आहे. हा ताण सोसतात खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आणि छातीचा स्नायू. याउलट, देह पुढे न सरकवता जागच्या जागी उतरले, तर कोपर मनगटाच्या मागे जाते. मग खांद्याचा भार थोडा हलका होतो आणि ट्रायसेप्सचा वाढतो. म्हणजे पुढे किती सरकावे, हा केवळ आकृतीच्या सौंदर्याचा प्रश्न नाही. कोपराने किती सोसावे आणि खांद्याने किती, याची ती वाटणी आहे. ज्याचा खांदा आधीच कुरकुरतो, त्याने कमी सरकावे.

थांबावयाचे कोठे, हा पुढचा मुद्दा. दंड जमिनीला समांतर झाला, खांदा आणि कोपर एका पातळीवर आले, की थांबावे. त्याखाली गेले की कोपर पाठीच्या वर चढते आणि दंडाच्या हाडाचा गोल माथा सांध्यातून पुढच्या बाजूला रेटला जातो. तेथे सांध्याचे वेष्टण असते आणि दंडाच्या पुढच्या स्नायूची, बायसेप्सची, एक लांब दोरीसारखी शीर त्याच जागेवरून जाते. स्नायू दमले असता देह या पातळीखाली घसरतो, आणि मग भार मांसाने धरलेला नसतो, वेष्टणाने धरलेला असतो. एका नमस्काराने काही होत नाही. रोज बारा, आणि वर्षभर, असे झाले की खांद्याच्या पुढच्या टोकाशी बोट ठेवता येईल अशी एक जागा दुखू लागते.

यातून ओळखण्याची सोपी कसोटी मिळते. दुसऱ्या दिवशी दंडाची मागची बाजू किंवा छातीचा मोठा भाग पसरट दुखत असेल, तर योग्य स्नायूंनी काम केले. दुखणे एका बोटाने दाखवता येईल एवढे नेमके असेल, आणि ते खांद्याच्या पुढच्या टोकाला असेल, तर उतरणे फार खोल गेले, किंवा फार वेगाने झाले.

वेगाचीही परीक्षा डोळे मिटून करता येते. जमिनीवर छाती टेकताना ‘धप्प’ असा आवाज आला, तर शेवटचा तुकडा स्नायूंनी सोडला आणि देह पडला. दुसरी खूण : आधी काय टेकते? छाती टेकण्याच्या आधी पोट किंवा ओटीपोट टेकले, तर हात नव्हे, पोट आधी हरले. बारा नमस्कारांत पहिल्या सहांना दोन्ही बरोबर पोहोचतात आणि नवव्या-दहाव्याला पोट आधी लोंबते, असे पुष्कळदा दिसते. तेथपासून पुढचे नमस्कार गुडघे टेकून घालणे हाच शहाणपणा.

वर ज्या स्त्रीचे उदाहरण घेतले, तिने पुन्हा आरंभ करावयाचा तर क्रम असा ठेवता येईल. प्रथम गुडघे टेकून, मनात तीन अंक मोजत उतरावे. भार ३२ किलोंच्या आसपास. लागोपाठ सहा वेळा छाती आवाज न करता टेकली आणि दुसऱ्या दिवशी खांद्याच्या टोकाला काही बोचले नाही, की गुडघे उचलून पहिले दोन नमस्कार तसे घालावेत, उरलेले पूर्वीप्रमाणेच. दोनांचे चार, चारांचे सहा, असे करताना आठवड्यामागून आठवडे गेले तरी चालतील. स्नायू लवकर वाढतो. त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या सावकाश बळकट होतात, आणि घाई त्यांनाच भोवते.

उठणे : पाठीची कमान कोण घडवतो?

आता छाती वर येते. येथे मराठी शाळेतील भुजंगासन आणि म्हैसुरी धाटणीतील ऊर्ध्वमुख श्वानासन यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. आतले काम जवळजवळ उलटे असते.

भुजंगासनात मांड्या आणि ओटीपोट जमिनीवर असतात आणि हातांवर भार थोडा असतो. कण्याच्या दोन्ही बाजूंनी उभे जाणारे पाठीचे स्नायू आखडतात आणि छातीला वर खेचतात. कमान पाठ घडवते. हात क्षणभर जमिनीवरून उचलता आले, तर आसन पाठीने केले. उचलताच छाती खाली आली, तर ते हातांनी केले होते.

श्वानासनात प्रथम ट्रायसेप्स आखडून कोपर सरळ करतो, पायाची बोटे उलटून पाऊल पालथे होते, आणि पाठीचा रुंद स्नायू हातांमधून छातीला पुढे ओढतो. मांड्या, गुडघे जमिनीवर नसतात. म्हणजे पुन्हा दोन खांबांवरचा पूल झाला : हात आणि पालथी पाऊले. फरक इतकाच की आता पूल मध्ये मुद्दाम खाली झुकलेला आहे. पाठीच्या स्नायूंनी कमान ओढून धरण्याची फारशी गरजच उरत नाही. कटीचे वजन आपोआप कंबर खाली ओढते आणि कमान पडते. प्रश्न कमान पाडण्याचा नसतो, ती आवरण्याचा असतो. आणि ती आवरतात तेच पोटाचे स्नायू, ज्यांनी फळीत कंबर सावरली होती. ते आता ताणले जाऊन लांब झालेले असतात, तरी त्यांनी सुटावयाचे नसते. फळीतला दोर येथे लगाम होतो.

हा लगाम सुटला की काय होते? कण्याचा छातीमागचा भाग बरगड्यांनी जखडलेला असल्यामुळे मागे कमी वाकतो. मानेला आणि कंबरेला तसे बंधन नाही. म्हणून सारी कमान कंबरेच्या अगदी खालच्या दोन मणक्यांत, एखाद्या बिजागरीसारखी, गोळा होते. बाजूने पाहणाऱ्याला कंबरेच्या ठिकाणी एकच खोल घडी दिसते. चांगल्या श्वानासनात ती दिसत नाही, वळण छातीपर्यंत वाटलेले असते. करणाऱ्याला जाणवते ती माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना, चिमटा बसल्यासारखी कळ.

उपाय पायांत आहे. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट आवळून गुडघे जमिनीवरून उचललेले ठेवावेत आणि पालथी पाऊले जमिनीत दाबावीत. असे केले की कटीला आधार मिळतो आणि ती लोंबत नाही. ज्याच्या जांघेचा पुढचा भाग आखडलेला असतो (दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा तो असतोच), त्याला नितंब सरळ होण्यास वाव मिळत नाही आणि तो सारा ताण कंबरेवर येतो. त्याने मांड्या टेकून, कोपरे किंचित वाकलेली ठेवून भुजंगासनच करावे. त्यात कमीपणा नाही. त्याच्या देहाला मानवेल अशी ती वाटणी आहे.

खांद्यांची एक खूणही येथे पाहावी. श्वानासनात दमलेला माणूस हातांवर टांगून घेतो. खांदे कानांपर्यंत चढतात, मान दिसेनाशी होते. अशा वेळी भार स्नायूंवर नसून सांध्यांवर असतो. कानाची पाळी आणि खांदा यांच्यात चार बोटे अंतर दिसावे. न दिसल्यास तळव्यांनी जमीन खाली दाबावी. खवाटे पाठीवर खाली सरकतात आणि छाती स्वतःहून पुढे येते. मनगट हे खांद्याच्या खाली असावे. खांदा त्याच्या पुढे गेला तर मनगट काटकोनापलीकडे मोडते आणि तेथे मुंग्या येऊ लागतात.

कोणी थांबावे

चाळिशी-साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेह असणाऱ्यांत, खांदा आखडण्याचा विकार पुष्कळ आढळतो. हात पाठीमागे नेता येत नसेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल, तर चतुरंग करू नये आणि आधी वैद्याला दाखवावे. तळव्याला मुंग्या येण्याचा त्रास असणाऱ्यांनी मुठी टेकून मनगट सरळ ठेवावे. कंबरेतून पायापर्यंत जाणारी कळ असेल, तर मागे वाकण्याचा भाग वैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नये.

शेवटी, पालकांना घरी करता येण्याजोगी एक गोष्ट. मुलाचे नमस्कार एकदा समोरून न पाहता बाजूने, जमिनीच्या पातळीवर बसून पाहावेत. चार ठिकाणी नजर ठेवावी : फळीत खवाट्याची कड, उतरताना खांदा आणि कोपर यांची पातळी, टेकताना छाती आधी की पोट, आणि उठल्यावर कंबरेची घडी. चारही ठीक असतील तर आकडा वाढवावा. एकही बिघडलेली दिसली, तर आकडा तेथेच थांबवून आधी ती सुधारावी.